बोअरच्या पाण्यातले लोह: रेघ सरळ, आकडा चुकीचा

हे प्रकरण खानापूर तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या बोअरचे आणि बेळगाव भागातल्या एका पदवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे आहे. नावे गाळली आहेत. आकडे प्रयोगवहीतले आहेत.

पार्श्वभूमी

खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात जांभा दगड आणि लाल माती आहे. तिथल्या काही बोअरना पाणी भरपूर लागते, पण ते भांडी रंगवते. जमिनीखाली हवा नसते तिथे लोह फेरस रूपात विरघळलेले राहते आणि पाणी स्वच्छ दिसते. वर आल्यावर हवा लागली की तेच लोह फेरिक होते आणि गंजासारख्या गाळाच्या रूपात खाली बसते.

बागायतदाराने प्रयोगशाळेत बाटली ठेवताना एवढेच सांगितले, "सर, काढताना काचेसारखं असतंय, तासाभरात लाल पडतंय बघा. चहा तर काळाच होतोय." चहा काळा होतो हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. चहातल्या टॅनिनशी लोहाचा संयोग झाला की काळपट रंग येतो, आणि त्यासाठी लोह बऱ्यापैकी असावे लागते.

काम बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे प्रकल्प म्हणून दिले गेले. पद्धत नेहमीचीच, म्हणजे 1,10-फेनँथ्रोलिनची. या पद्धतीत हायड्रॉक्सिलअमाइन सगळ्या लोहाला फेरस रूपात आणते, फेनँथ्रोलिन त्याच्याशी जोडले जाऊन नारिंगी-लाल रंग देते, आणि तो रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 510 नॅनोमीटरला मोजतात. रंग जितका गडद तितका अ‍ॅब्सॉर्बन्स जास्त. माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणांचे अ‍ॅब्सॉर्बन्स आलेखावर मांडून रेघ काढायची आणि नमुन्याचा अ‍ॅब्सॉर्बन्स त्या रेघेवर वाचायचा.

पहिली रेघ

स्टँडर्डची, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणांची, सुरुवात मोहर मीठ या लोहाच्या क्षारापासून झाली. 0.702 ग्रॅम मीठ थोड्या सल्फ्युरिक आम्लासह विरघळवून 1 लिटर केले, म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम लोहाचे मूळ द्रावण झाले. त्यातले 10 मिलि घेऊन 100 मिलि केले की लिटरला 10 मिलिग्रॅमचे कामाचे द्रावण मिळते. ते रोज ताजे करावे लागते. मूळ द्रावणातले आम्ल इथे दहा पटीने विरळ झालेले असते, आणि लोह हळूहळू काचेला धरते.

50 मिलिच्या सहा फ्लास्कमध्ये कामाचे द्रावण 0, 2.5, 5, 10, 15 आणि 20 मिलि घेतले. प्रत्येकात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल 2 मिलि, 10 टक्के हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड 1 मिलि, अमोनियम अ‍ॅसिटेटचे बफर 10 मिलि आणि 0.1 टक्के फेनँथ्रोलिन 2 मिलि, याच क्रमाने. मग खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी, आणि रंग पुरता यावा म्हणून पंधरा मिनिटे थांबणे. लोह नसलेला पहिला फ्लास्क ब्लँक धरून यंत्र त्यावर शून्य केले. ब्लँकमध्ये सगळी रसायने असणे इथे फार गरजेचे आहे, कारण अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये थोडे लोह असतेच. बाजारू हायड्रोक्लोरिक आम्ल तर लोहामुळेच पिवळे दिसते, ते इथे चालत नाही.

आलेली मापे अशी:

| लोह, मिग्रॅ/लि. | अ‍ॅब्सॉर्बन्स |
|---|---|
| 0 | 0.000 |
| 0.5 | 0.100 |
| 1 | 0.199 |
| 2 | 0.398 |
| 3 | 0.596 |
| 4 | 0.735 |

सहाही बिंदू धरून स्प्रेडशीटने रेघ दिली. तीत A म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स आणि C म्हणजे लिटरला मिलिग्रॅममध्ये लोह:

```
A = 0.1873 C + 0.0103
R² = 0.9965
```

बिंदू रेघेला किती जुळतात हे सांगणारा R² 0.99 च्या वर आहे म्हणून रेघ चांगली, असे ठरले आणि वहीत बरोबरची खूण झाली. या प्रकरणातली पहिली चूक इथे आहे. ती पुढे दोनदा नडली.

अडचण

बागायतदाराची बाटली दोन दिवसांची होती. तळाशी तपकिरी गाळ बसलेला, वरचे पाणी स्वच्छ. पिपेटने वरचे 25 मिलि घेतले, तीच रसायने घालून 50 मिलि केले. अ‍ॅब्सॉर्बन्स 0.052 आला. रेघेवरून 0.22, त्याची दुप्पट 0.45 मिग्रॅ प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात 2015 च्या दुरुस्तीनंतर लोहाची मर्यादा 1.0 आहे. म्हणजे कागदावर पाणी पास झाले.

चहा काळा करणारे, भांडी लाल करणारे पाणी कागदावर पास होते तेव्हा संशय आकड्यावर घ्यायचा. प्रयोगशाळेतल्या मामांनी बाटली उचलून उजेडात धरली आणि गाळाकडे बोट दाखवले, "अहो ताई, लोखंड तर सगळं खालीच बसलंय की." ते अक्षरशः खरे होते. फेरिक गाळ थंड द्रावणात हायड्रॉक्सिलअमाइनने सहज विरघळत नाही. शिवाय इथे तर गाळ पिपेटमध्ये आलाच नव्हता.

पहिला निर्णय: बाटली हलवायची की नवीन नमुना आणायचा

बाटली जोरात हलवून गाळासकट पाणी घेणे हा सोपा मार्ग होता. तो सोडला, कारण दोन दिवसांत गाळाचा काही भाग प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटलेला असतो आणि हलवल्यावर किती सुटला हे सांगता येत नाही. बोटाने आतली भिंत पुसली तर तपकिरी डाग येत होता. तेवढे लोह कुठल्याच मापात धरले गेले नसते.

म्हणून नवीन नमुना घ्यायचे ठरले. पंप दहा मिनिटे चालवून पाइपमधले जुने, गंजलेले पाणी जाऊ दिले. 100 मिलिची खूण असलेल्या बाटलीत आधीच 2 मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवले होते. तीत खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावले. आम्लात लोह गाळ धरत नाही, आणि बाटली संध्याकाळपर्यंत काचेसारखी राहिली. अशा बाटलीत पाणी 98 मिलि आणि आम्ल 2 मिलि असते, त्यामुळे शेवटच्या उत्तराला 1.02 ने गुणायचे. ही गोष्ट बाटलीच्या चिठ्ठीवरच लिहून ठेवली.

प्रयोगशाळेत आणखी एक पायरी जोडली. 25 मिलि नमुना शंकुपात्रात घेऊन त्यात 2 मिलि आम्ल आणि 1 मिलि हायड्रॉक्सिलअमाइन घालून 15 ते 20 मिलि उरेपर्यंत उकळायचे. कोरडे होऊ द्यायचे नाही. उकळल्यावर सूक्ष्म कणांतले लोहही द्रावणात येते. थंड करून सगळे 50 मिलिच्या फ्लास्कमध्ये धुऊन घ्यायचे, मग बफर आणि फेनँथ्रोलिन.

या वेळी अ‍ॅब्सॉर्बन्स 0.728 आला. रेघेवरून 3.83, दुप्पट 7.7 मिग्रॅ प्रति लिटर. काळ्या चहाशी हा आकडा जुळत होता. वाचन रेघेच्या पल्ल्यातही होते, सर्वांत वरच्या स्टँडर्डच्या जरा खाली. अहवाल लिहायला घेतला.

दुसरा निर्णय: 0.728 वर विश्वास ठेवायचा का

अहवाल थांबवला तो मार्गदर्शक प्राध्यापिकांनी. त्यांनी वहीतले दोन आकडे शेजारी ठेवले, 4 च्या स्टँडर्डचा 0.735 आणि नमुन्याचा 0.728. दोन वेगळ्या द्रावणांचे वाचन इतके जवळ येणे हा योगायोग असू शकतो, पण दोन्ही एकाच छताला टेकली असल्याचेही ते लक्षण असू शकते.

मग त्यांनी रेघेपासून प्रत्येक बिंदूचे अंतर काढायला सांगितले. 0 पासून 4 पर्यंत क्रमाने ते असे निघाले: −0.010, −0.004, +0.001, +0.013, +0.024, −0.024. मोजमापातली साधी चूक वर-खाली कशीही पडते. इथे खालून वर चढत जाऊन शेवटी एकदम कोसळणारी कमान आहे. शिवाय यंत्र ब्लँकवर शून्य केलेले असताना रेघ मात्र शून्य लोहाला 0.0103 दाखवते. पहिले पाच बिंदू तेवढे घेतले तर उतार 0.1986 येतो आणि छेद 0.0004, म्हणजे जवळजवळ शून्य. फेनँथ्रोलिन-लोह संयुगाचा मोलर शोषणगुणांक साधारण 11,100 आहे. त्यावरून 1 सेंमीच्या क्युव्हेटमध्ये लिटरला 1 मिलिग्रॅम लोहाला 0.199 यायला हवे, आणि पाच बिंदू तेच सांगतात. सहावा बिंदू खाली होता आणि त्याने सगळी रेघ आपल्याकडे ओढली होती. R² ला हे दिसत नाही.

तोच तिरपेपणा पहिल्या बाटलीलाही भोवला होता. 0.052 हे वाचन पाच बिंदूंच्या रेघेवर घेतले तर 0.45 ऐवजी 0.52 येते. शेंड्याचा एक बिंदू खाली बसला की सर्वांत जास्त टक्केवारीची चूक तळाच्या वाचनात होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

सहावा बिंदू खाली का आला

तीन कारणे विचारात घेतली. पहिले म्हणजे पिपेटची चूक. 4 चे स्टँडर्ड पुन्हा केले, 0.733 आले, म्हणून ते वगळले. दुसरे म्हणजे यंत्रातला भटका प्रकाश. त्यामुळेही वरचे वाचन दबते, पण 0.7 च्या आसपास इतका मोठा फरक पडावा असे ते यंत्र खराब नव्हते. पुढच्या कसोटीने तेही वगळले गेले.

तिसरे कारण म्हणजे फेनँथ्रोलिन कमी पडणे. लोहाच्या एका आयनाला फेनँथ्रोलिनचे तीन रेणू लागतात. हिशेब केला तर 0.1 टक्के द्रावणाचा 1 मिलि साधारण 0.094 मिलिग्रॅम लोहाला पुरतो, 2 मिलि 0.188 ला. वरच्या स्टँडर्डमध्ये 20 मिलि कामाचे द्रावण, म्हणजे 0.200 मिलिग्रॅम लोह होते. त्याला रसायन पुरलेच नाही. त्याच्या खालच्या स्टँडर्डमध्ये 0.150 मिलिग्रॅम होते, त्याला पुरले.

वहीची मागची पाने उलटल्यावर उगम सापडला. वर्गातल्या प्रयोगाचा जुना तक्ता लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंतचा होता, त्याला 2 मिलि फेनँथ्रोलिन भरपूर. पल्ला 4 पर्यंत वाढवताना लोह दुप्पट केले गेले आणि फेनँथ्रोलिन तेवढेच राहिले.

कसोटी साधी होती. नमुन्याच्या जुन्या फ्लास्कमधले थोडे द्रावण दोन परीक्षानळ्यांत समान घेतले. एकीत फेनँथ्रोलिनचे काही थेंब टाकले, दुसरीत तितकेच थेंब पाणी. पांढऱ्या कागदापुढे धरल्यावर पहिली नळी पाहता पाहता अधिक लाल झाली, दुसरी होती तशीच राहिली. द्रावणात लोह वाट पाहत होते आणि रसायन संपले होते. यंत्राचा दोष असता तर नळीचा रंग बदलला नसता.

यावरून 0.728 चा अर्थही कळला. छताला टेकलेले वाचन लोह 3.8 असतानाही तेच येते आणि 6 असतानाही जवळजवळ तेच. ते रेघेच्या पल्ल्यात दिसते, पण त्यातून तीव्रता वाचता येत नाही.

पर्याय

विद्यार्थिनीने रेघेऐवजी वक्र बसवायचे सुचवले. स्प्रेडशीट दुसऱ्या घाताचे समीकरण देते आणि R² आणखी सुधारतो. हा पर्याय सोडण्याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. रंग द्यायला रसायन कमी पडले म्हणून आलेला वाक नमुन्यात स्टँडर्डसारखाच येईल याची खात्री नसते. पाण्यात जस्त किंवा तांबे असेल तर तेही फेनँथ्रोलिन खाते, आणि नमुन्याचे छत आणखी खाली येते. वक्राने वाक लपतो, कारण तसेच राहते.

सहावा बिंदू टाकून 3 पर्यंतच रेघ वापरणे प्रामाणिक होते आणि तसे चाललेही असते, फक्त नमुना विरळ करावा लागला असता. शेवटी दोन्ही गोष्टी केल्या. फेनँथ्रोलिन 5 मिलि केले, म्हणजे 0.47 मिलिग्रॅम लोहाला पुरेल इतके, आणि नमुना रेघेच्या मध्यावर वाचला जाईल इतका कमी घेतला.

केलेली कृती

नवी रेघ 0 ते 4 पर्यंत सरळ आली. वरचा बिंदू आता 0.794 होता.

```
A = 0.1985 C + 0.0004
```

अंतरे पुन्हा काढली. सगळी 0.001 च्या आसपास, कधी वर कधी खाली, कमान गेली.

मग त्याच आम्लवलेल्या बाटलीतून 5, 10 आणि 25 मिलि असे तीन नमुने घेतले. लहान नमुन्यांत डिस्टिल्ड पाणी घालून 25 ते 30 मिलि केले आणि मगच उकळले. 5 मिलिच्या फ्लास्कने 0.187 दिले, 10 मिलिच्या फ्लास्कने 0.374. एकाला दहाने आणि दुसऱ्याला पाचने गुणल्यावर दोन्हींचे उत्तर 9.4 आले. 25 मिलिचा फ्लास्क पल्ल्याबाहेर, 0.93 च्या आसपास गेला. तो हिशेबात धरला नाही. आधी याच 25 मिलिने 7.7 सांगितले होते. वेगवेगळे आकारमान घेऊन उत्तर एकच येते का, ही तपासणी रेघ कितीही चांगली असली तरी सोडू नये. रसायन कमी पडणे, भटका प्रकाश, चुकलेला ब्लँक यांपैकी काहीही असले तर दोन आकारमानांची उत्तरे फुटतात.

एक गोष्ट मात्र या तपासणीत दिसत नाही. नमुन्यातले काही रंगाला सर्वत्र सारख्याच प्रमाणात दाबत असेल, तर दोन्ही उत्तरे सारखीच चुकतात. म्हणून 5 मिलि नमुन्यात उकळण्याआधीच कामाचे द्रावण 5 मिलि मिसळले. 50 मिलिमध्ये त्याने लिटरला 1.0 मिलिग्रॅमची भर पडते. अ‍ॅब्सॉर्बन्स 0.187 वरून 0.381 झाला, म्हणजे टाकलेल्या लोहापैकी 98 टक्के परत मिळाले. उकळताना किंवा धुऊन घेताना लोह हरवत नाही आणि पाण्यातले दुसरे काही रंग दाबत नाही, हे एकाच मापात कळले.

शेवटी 10 मिलिचे तीन स्वतंत्र फ्लास्क केले. 0.372, 0.375 आणि 0.374. सरासरी 0.3737. रेघेवरून 1.88, पाचपट 9.4, आणि आम्लाची दुरुस्ती 1.02 लावून 9.6 मिग्रॅ प्रति लिटर. वहीत यापुढचे दशांश लिहिले नाहीत. तीन फ्लास्कमध्येच जवळजवळ एक टक्क्याचा फरक आहे, तेव्हा 9.59 लिहिण्यात अर्थ नाही.

निष्पत्ती

एकाच बोअरच्या पाण्याला या प्रयोगशाळेने 0.45, 7.7 आणि 9.6 असे तीन आकडे दिले. 7.7 सरळ चुकीचा होता. 0.45, किंवा नीट रेघेवर 0.52, हा मात्र वेगळ्या प्रश्नाचा आकडा होता. दोन दिवस हवा लागून गाळ बसल्यावर वरच्या पाण्यात रंग देणारे किती लोह उरते, हे त्याने सांगितले होते. बोअरच्या पाण्याचे माप म्हणून तो टाकाऊ, पण उपाय ठरवताना तोच कामाला आला. हवा दिल्यावर हे लोह खाली बसते, हे त्यातून आधीच दिसले होते.

बागायतदाराने पंपाचे पाणी छिद्रे पाडलेल्या पाइपातून उंचावरून टाकीत पाडायला सुरुवात केली. ते रात्रभर बसू देऊन वाळूच्या थरातून गाळून घेतले. त्या पाण्याचा नमुना आम्लात घेऊन, 25 मिलि उकळून मोजला. अ‍ॅब्सॉर्बन्स 0.079, उत्तर 0.8 मिग्रॅ प्रति लिटर. उकळून मोजल्यामुळे वाळूतून निसटलेले बारीक कणही यात धरले गेले आहेत. मर्यादेच्या आत आहे, पण फार आत नाही. वाळू धुवायची वेळ कधी येते ते ठरवण्यासाठी दर महिन्याला एक बाटली आणायचे ठरले.

वेगळे काय करता आले असते

बागायतदाराला पहिल्याच फोनवर बाटली कशी भरायची हे सांगून आम्ल घातलेली बाटली पाठवली असती, तर एक आठवडा वाचला असता. पल्ला वाढवताना फेनँथ्रोलिनचा तीनास एक हिशेब कागदावर केला असता तर सहावा बिंदू मुळात वाकलाच नसता. तो हिशेब दोन ओळींचा आहे आणि आता तक्त्याच्या डोक्यावर लिहिला आहे: फ्लास्कमधल्या लोहाच्या दर 0.1 मिलिग्रॅमला 0.1 टक्के फेनँथ्रोलिन किमान 2 मिलि.

रेघेपासूनची अंतरे काढणे R² च्या आधी यायला हवे होते. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी एक स्तंभ जास्तीचा लागतो, दोन मिनिटे जातात. आणि अनोळखी नमुना पहिल्यांदा मोजताना तो सुरुवातीलाच दोन आकारमानांत घ्यायला हवा होता. 25 आणि 5 मिलि त्याच दिवशी केले असते, तर 7.7 आणि 9.4 त्याच दुपारी समोरासमोर आले असते.

प्रकल्पाच्या अहवालात पहिली रेघ खोडली नाही. सहाव्या बिंदूभोवती लाल वर्तुळ करून ती नव्या रेघेच्या शेजारी लावली आहे, आणि खाली दोन्ही वेळच्या फेनँथ्रोलिनचे मिलि लिहिले आहेत.